शेअर सर्टिफिकेटचं मागचं पान बघितलं का?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या चोवीस फ्लॅटच्या एका सोसायटीचा मी गेली नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. मे-जूनमध्ये बदल्या होतात, कॉलेजं सुरू व्हायला येतात आणि भाड्याने घर बघणाऱ्यांची वर्दळ वाढते. फ्लॅट बघून झाला की जिन्यातच बोलणं निघतं, "अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात. आज टोकन टाका, म्हणजे तुमच्यासाठी धरून ठेवतो." समोरचा माणूस मोबाइल काढतो आणि पाच-दहा हजार पाठवून मोकळा होतो. पैसे घेणारा त्या घराचा मालक आहे, ही माहिती त्याला त्या क्षणी फक्त घेणाऱ्याच्याच तोंडून मिळालेली असते.

चार वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीत एका भाडेकरूने घर सोडायच्या महिन्यात स्वतःला मालक म्हणवून तो फ्लॅट दोन कुटुंबांना दाखवला आणि दोघांकडून पंधरा-पंधरा हजार घेतले. किल्ली त्याच्याकडे होती, दारावर त्याच्या नावाची पाटी होती, लाइटबिल हातात होतं. एक तारखेला सामानाचे दोन टेम्पो गेटवर एकामागोमाग उभे राहिले. खरा मालक ठाण्यात राहणारा, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्या दोन्ही घरच्या बायका टेम्पोच्या सावलीत पोरांना घेऊन बसल्या होत्या, आणि मला त्यांना सांगावं लागलं की हा फ्लॅट तुम्हाला देता येणार नाही. तेव्हापासून आमच्याकडे घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, एक रुपया द्यायच्या आधी मालकीचा कागद आणि शेअर सर्टिफिकेट मागा. पण नुसतं मागून भागत नाही, ते वाचायचं कसं हेही माहीत हवं.

गेल्या मे महिन्यातलं एक उदाहरण सांगतो. जळगावहून आलेली एक मुलगी, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नवी नोकरी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट तिला पसंत पडला. भाडं १३,५००, डिपॉझिट ४०,०००. फ्लॅट दाखवणारे गृहस्थ नाशिकरोडला राहतात, वागायला अगदी सज्जन. त्यांनी दहा हजार टोकन मागितलं. तिने शेअर सर्टिफिकेट मागितलं, तर त्यांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. ती तो घेऊन माझ्याकडे आली.

"काका, यावर तिसरंच नाव आहे. म्हणजे हे मालक नाहीत का?"

मी फोटो बघितला आणि म्हटलं, "हे पुढचं पान आहे. मागचं पान मागव."

शेअर सर्टिफिकेटबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. हाउसिंग सोसायटीत फ्लॅट घेणारा माणूस सोसायटीचा सभासद होतो, आणि सभासद म्हणून त्याच्या नावावर सोसायटीचे शेअर असतात. हे शेअर पन्नास रुपयांचे, बहुतेक ठिकाणी पाच किंवा दहा. म्हणजे कागदावर आकडा दिसतो अडीचशे किंवा पाचशे रुपयांचा, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला तो किरकोळ वाटतो. त्यावर सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, सभासदाचं नाव, शेअरचे क्रमांक अमुकपासून तमुकपर्यंत, तारीख, सोसायटीचा शिक्का आणि चेअरमन, सेक्रेटरी व कमिटीतल्या एका सदस्याची सही असते.

फ्लॅट विकला गेला की सोसायटी सहसा नवं सर्टिफिकेट छापत नाही. त्याच कागदाच्या मागे एक तक्ता असतो. त्यात हस्तांतरणाची तारीख, नव्या सभासदाचं नाव आणि रजिस्टरमधला क्रमांक लिहून पदाधिकारी सह्या करतात. त्यामुळे पुढच्या पानावर असतो पहिला सभासद, आणि आजचा सभासद असतो मागच्या तक्त्यातल्या शेवटच्या भरलेल्या ओळीत. मागचा तक्ता पूर्ण कोरा असेल तरच पुढचं नाव आजचं.

यातून दोन उलट्या चुका होतात. पुढे वेगळं नाव दिसलं म्हणून लोक खऱ्या मालकालाच खोटा समजतात. दुसरी चूक जास्त धोक्याची. पुढे नाव बरोबर दिसतं म्हणून निर्धास्त होतात, आणि त्या माणसाने फ्लॅट पाच वर्षांपूर्वीच विकलेला असतो. विकण्याआधी काढलेली पुढच्या पानाची झेरॉक्स त्याच्याकडे राहतेच. म्हणून फोटो मागवताना शब्द नेमके वापरा, "दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा." आणि पैसे द्यायच्या दिवशी मूळ कागद, नाहीतर निदान स्वच्छ झेरॉक्स, समोर बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या सर्टिफिकेटांवर बऱ्याचदा फ्लॅट नंबर छापलेलाच नसतो, कारण तो कागद शेअरचा आहे, घराचा नाही. कुठे कुठे नंतर पेनाने लिहिलेला दिसतो. एकाच माणसाचे एका इमारतीत दोन फ्लॅट असतील, तर हे सर्टिफिकेट कुठल्या फ्लॅटचं, हे त्या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी चालू महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागा. त्यावर फ्लॅट नंबर आणि सभासदाचं नाव शेजारी शेजारी असतं. सर्टिफिकेट आणि मेंटेनन्स बिल जोडीने बघितलं की ही शंका मिटते.

त्या मुलीने मागचं पान मागवलं. त्यावर एकच ओळ भरलेली होती, २००९ सालची, आणि त्यात नवरा-बायको अशी दोन नावं. फ्लॅट दाखवणाऱ्या गृहस्थांचं नाव त्यात नव्हतं. आडनाव मात्र तेच.

विचारल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही. म्हणाले, "दादा-वहिनी पुण्यात असतात. नाशिकचं सगळं मीच बघतो." ते खरंच होतं. मी नऊ वर्षं त्यांनाच मेंटेनन्स भरताना बघतोय. पण व्यवहार बघणं वेगळं आणि घर भाड्याने द्यायचा अधिकार असणं वेगळं. उद्या भावाभावांत बिनसलं आणि दादा म्हणाले, "मी कुणाला घर दिलेलंच नाही," तर त्या मुलीचे पन्नास हजार धाकट्याच्या खात्यात आणि ती दाराबाहेर.

मी तिला दुसरा कागद मागायला सांगितला, इंडेक्स टू. शेअर सर्टिफिकेट सांगतं की सोसायटीच्या दप्तरी सभासद कोण आहे. मालकी मात्र ठरते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने, आणि त्या खताचा एका पानाचा सरकारी गोषवारा म्हणजे इंडेक्स टू. कागदाच्या डोक्यावर "सूची क्र.2" असं छापलेलं असतं. भाडेकरूने खरेदीखताची सत्तर-ऐंशी पानं वाचायची गरज नाही, हे एक पान पुरतं.

त्यात चार जागा बघायच्या. सगळ्यात वर "विलेखाचा प्रकार" असतो. तिथे करारनामा, सेल डीड, बक्षीसपत्र असं काही हवं. तिथे "लिव्ह अँड लायसन्स" दिसलं तर तो भाडेकरार आहे, मालकीचा कागद नव्हे. आमच्याकडच्या त्या भाडेकरूने हाच दाखवला होता. नोंदणीचा शिक्का दिसला म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. चौथ्या रकान्यात गावाचं नाव, सर्व्हे किंवा प्लॉट नंबर, इमारत आणि फ्लॅट नंबर असतो. इथे नाशिकबाहेरून आलेला माणूस बिचकतो, कारण आपण ज्याला पाथर्डी फाटा म्हणतो ते कागदात "मौजे पाथर्डी" असतं, आणि कॉलनीचं नाव कुठेच सापडत नाही. त्याने घाबरू नये. इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर जुळला पाहिजे. सातव्या रकान्यात दस्त करून देणारा, म्हणजे विकणारा, आणि आठव्यात करून घेणारा, म्हणजे विकत घेणारा. आपल्याला आठवा हवा. ही नावं उलटी वाचणारे मी बरेच बघितलेत.

हा कागद मालकाकडे नसेल तर नोंदणी विभागाच्या `freesearchigrservice.maharashtra.gov.in` या साइटवर वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकून फुकट शोधता येतो. नंबराच्या जागी सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, फ्लॅट नंबर असे आलटूनपालटून टाकून बघावे लागतात, कारण दस्त नोंदवताना कुणी काय लिहिलं असेल सांगता येत नाही. खूप जुने, हाताने नोंदलेले दस्त तिथे सापडतीलच असं नाही. न सापडणं म्हणजे मालक खोटा असंही नाही, तेव्हा मालकाकडचीच प्रत बघावी.

त्या फ्लॅटच्या इंडेक्स टूवर आठव्या रकान्यात तीच दोन नावं होती, दादा आणि वहिनी. आता गोष्ट स्वच्छ झाली. मालक दोघं, तेव्हा भाडेकरारावर सही दोघांची हवी, किंवा दोघांनी धाकट्या भावाला भाडेकरारासाठी मुखत्यारपत्र दिलेलं हवं. पुण्याच्या दादांना नाशिकला यायचीही गरज नव्हती. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी आधार आणि बोटाच्या ठशावर होते, आणि मालक व भाडेकरू आपापल्या गावातून, वेगवेगळ्या वेळी ठसे देऊ शकतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण "रजिस्टर करार करणार आहोत ना, मग काळजी कसली" असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. भाडेकराराची नोंदणी करायलाच हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पण त्या नोंदणीत काय तपासलं जातं? ठसा देणारा माणूस आधारवरचाच आहे का, एवढं. तो त्या फ्लॅटचा मालक आहे का, हे तिथे कुणी तपासत नाही. मालकाच्या जागी स्वतःचं नाव लिहून कुणी स्वतःचाच खरा अंगठा दिला, तर करार नोंदवला जाईल. शिवाय टोकन तर त्याच्याही आधी गेलेलं असतं. मालकी भाडेकरूनेच बघायची आहे, आणि पैसे हातातून जायच्या आधी.

लाइटबिल आणि घरपट्टीवर फार विसंबू नका. महावितरणचं बिल कित्येक फ्लॅटना वर्षानुवर्षं बिल्डरच्या किंवा पहिल्या मालकाच्या नावाने येतं. महापालिकेच्या घरपट्टीवरही नाव बदलून घ्यायचं लोक विसरतात. ही बिलं जोडीला चालतील, पण त्यांच्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि नाही म्हणून खोडलीही जात नाही.

आता शेअर सर्टिफिकेटच नसेल तर? नाशिकमध्ये हा प्रश्न पदोपदी येतो, कारण इथल्या भरपूर इमारती सोसायटी नाहीतच. त्या १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे बिल्डर घोषणापत्र नोंदवतो आणि प्रत्येक फ्लॅटधारकाला नोंदणीकृत अपार्टमेंट डीड करून देतो. शेअर नसतात, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट नसतं. मालक म्हणाला "आमच्याकडे ते नसतं," तर तो खरंही बोलत असेल. तिथे अपार्टमेंट डीडचा इंडेक्स टू मागा. नंतर फ्लॅट विकला गेला असेल तर त्या विक्रीचा. इमारतीच्या नावावरून मात्र अंदाज बांधू नका, कारण नावात "अपार्टमेंट" असलेल्या कित्येक इमारती नोंदलेल्या सोसायट्या आहेत. मेंटेनन्सच्या पावतीचं डोकं वाचा. "सहकारी गृहनिर्माण संस्था" आणि नोंदणी क्रमांक असेल तर सर्टिफिकेट असायलाच हवं. "अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन" असेल तर नाही.

मालकाने कर्ज काढलं असेल तर मूळ कागद बँकेत असतात आणि तो झेरॉक्सच दाखवू शकतो. त्यात वावगं काही नाही. हप्ते थकलेत का, एवढं मात्र सरळ विचारावं. बँकेने ताब्याची कारवाई सुरू केली की भाडेकरूची बाजू फार लंगडी होते, मग करार नोंदवलेला असला तरी. अशी नोटीस दारावर किंवा इमारतीत चिकटवतात, म्हणून फ्लॅट बघताना दारावर कागद फाडल्याच्या खुणा आहेत का बघा, शेजाऱ्यांना विचारा.

आणि सगळ्यात अवघड प्रसंग, मालक वारलेले. वडिलांच्या नावावर सर्टिफिकेट, घर दाखवतो मुलगा. अशी निदान दोन घरं प्रत्येक जुन्या सोसायटीत निघतील. मुलगा म्हणतो, "मीच नॉमिनी आहे." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण घरावर हक्क वारसांचा असतो. आई आहे का, बहिणी किती, मृत्युपत्र आहे का, हे विचारणं नाजूक आहे, पण विचारावं लागतं. सगळ्या वारसांनी त्या मुलाला भाडेकरारासाठी लेखी अधिकार दिला असेल तर पुढे जा. बहीण-भावांत कोर्टकचेरी चालू असेल तर घर कितीही आवडलं तरी मी माझ्या माणसाला तिथे राहायला सांगणार नाही. उद्या दुसरी बाजू कुलूप लावायला आली, तर ज्याने डिपॉझिट घेतलंय तो खर्च करून बसलेला असतो.

मागायचं कसं, ही अडचण मला बहुतेक भाडेकरू सांगतात. मालकाला राग येईल, घर हातचं जाईल. कायद्याने मालकाला हे कागद दाखवायची सक्ती तुम्ही करू शकत नाही, हेही खरं. पण कारण प्रामाणिक असलं की बहुतेक मालक दाखवतात. नोकरदाराकडे ते तयारच असतं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी कंपनी घरमालकाचा पॅन मागते. त्या मुलीचं वर्षाचं भाडं होत होतं १,६२,०००. तिने फ्लॅट दाखवणाऱ्या गृहस्थांना फोनवर सांगितलं, "काका, ऑफिसला मालकांचा पॅन आणि त्यांच्या नावाची पावती द्यावी लागते. म्हणून नाव कागदाशी जुळवून घेते, आणि टोकन आजच पाठवते." यात संशय नाही, आणि पैसे द्यायची तयारीही कळते.

मालकाची बाजूही समजून घ्या. मालकीच्या कागदांचे फोटो गावभर फिरावेत असं कुणालाच वाटत नाही. फोटोवर "फक्त भाडेकरारासाठी" असं आडवं लिहून पाठवलं तरी चालेल, आधारचे पहिले आठ आकडे झाकले तरी चालतील, असं आपणहून सांगा. प्रत द्यायची नसेल तर मूळ कागद फ्लॅटवर डोळ्यांनी बघणंही पुरतं. मी सेक्रेटरी असलो तरी बाहेरच्या माणसाला सभासदांचं रजिस्टर उघडून दाखवू शकत नाही. बाहेरच्याला तो हक्क नाही. मी एवढंच करतो की मालकाने मला फोन केला की भाडेकरूला सांगतो, हो, आमच्या दप्तरी सभासदाचं नाव हेच आहे. तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, मालकालाच त्याच्याशी बोलायला सांगा.

मात्र "कागद गावाकडे आहेत, आधी टोकन टाका, मग दाखवतो" असं कुणी म्हणालं तर थांबा. इंडेक्स टूचा फोटो काढायला कुणाला गावाला जावं लागत नाही.

त्या मुलीचं पुढे असं झालं. संध्याकाळी वहिनींनी पुण्याहून व्हिडिओ कॉल केला, पॅनकार्ड दाखवलं, आणि टोकन दोघांच्या जॉइंट खात्यावर पाठवायला सांगितलं. पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. ते इंडेक्स टूच्या आठव्या रकान्याशी जुळतंय हे तिने माझ्यासमोर ताडून बघितलं आणि मगच पिन टाकला. दहा हजारांऐवजी पाच हजारच दिले. धाकट्या भावाने तिला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं, फ्लॅट नंबर अमुक, डिपॉझिटपैकी पाच हजार मिळाले, पंधरा दिवसांत करार झाला नाही तर पूर्ण परत. वहिनींनी त्याच ग्रुपवर "मान्य" असं लिहिलं. टोकनच्या पावतीत ही परतीची ओळ नसली की करार फिसकटल्यावर पाच हजारांसाठी पाच महिने फेऱ्या माराव्या लागतात.

भाड्याने द्यायला आमच्या उपविधींप्रमाणे सोसायटीची परवानगी लागत नाही, पण आठ दिवस आधी कळवावं लागतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडावी लागते. एकवीस मेला दादांचं पत्र आलं, त्यावर दोघांच्या सह्या. करारातही दोघांची नावं मालक म्हणून. मी ती प्रत फाइलला लावली आणि मुलीला गेटची किल्ली दिली.